पावलांनी कॅलरींची तूट किती वाढते आणि ती कुठे गळते

प्रश्न : वजन ८० किलो, काम पूर्ण बैठे. आठवड्यातून ४ दिवस जिम, रोजचे खाणे १८०० कॅलरी. सुरुवातीला वजन उतरले, पण आता पाच आठवडे काटा हललेला नाही. जिमला आणखी वेळ देणे शक्य नाही आणि जेवण आणखी कमी केले तर दिवस ढकलणे अवघड जाते. रोज १०,००० पावले चालून खरेच फरक पडेल का? माझे घड्याळ सांगते की तेवढ्या चालण्यात ४५० कॅलरी जळतात. म्हणजे तूट रोज ४५० ने वाढली असे धरायचे का?

उत्तर :

फरक पडेल, पण ४५० चा नाही. तुमचे वजन आणि बैठे काम पाहता माझा अंदाज रोज १०० कॅलरींच्या आसपासचा आहे. आकडा लहान वाटेल, पण तुमची आठवड्याची चारही जिमची सत्रे मिळून रोजच्या सरासरीत जेवढी भर घालतात, त्याच्या तो जवळपास आहे. ४५० चे १०० कसे होतात हे समजले की पावले कशी वाढवायची, किती वाढवायची आणि ती लागू पडत आहेत की नाही हे कसे ओळखायचे, या तिन्ही गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून मी आधी हिशेब मांडते आणि मग माझ्या कामातले एक उदाहरण आकड्यांसह सांगते.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागेल. वजन घटवण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना आहार आणि हालचालींचे मार्गदर्शन करून मला आता चौदा वर्षे झाली, आणि 'वजन अडकले' असे सांगत आलेल्या बहुतेकांच्या बाबतीत पहिला प्रश्न 'आता काय वाढवू' हा नसून 'आधीची तूट कुठे गेली' हा असतो. खाणे कमी केल्यावर शरीर गुपचूप काटकसर सुरू करते, आणि ती काटकसर जिममध्ये दिसत नाही. जिममधला तास ठरलेला असतो, तिथे तुम्ही तेवढीच वजने तेवढ्याच वेळा उचलता. काटकसर होते ती उरलेल्या वेळात: उठून जाण्याऐवजी आवाज दिला जातो, दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकले जाते, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणारा माणूस खुर्चीत टेकतो, उभ्याने होणारी कामे बसून होऊ लागतात. यातले काहीही आपण ठरवून करत नाही, त्यामुळे कोणी विचारले तर आपण अगदी प्रामाणिकपणे सांगतो की 'माझ्या हालचालीत काहीच बदल नाही'.

व्यायाम वगळून होणाऱ्या या साऱ्या हालचालींवर जो उष्मांक खर्च होतो, तो माणसामाणसांत किती वेगळा असू शकतो हे जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमध्ये केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फार स्पष्ट दिसले. त्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. जादा खाणे सर्वांचे सारखेच होते, तरी कोणाची चरबी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढली, तर कोणाची चार किलोंहून जास्त. ज्यांची कमी वाढली, त्यांच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाढल्या होत्या. एकाच्या बाबतीत तर ही वाढ रोज जवळजवळ ७०० कॅलरींची होती. तो प्रयोग जास्त खाण्याचा होता. कमी खाल्ल्यावर हीच यंत्रणा उलट दिशेने काम करते, आणि तिथेही माणसामाणसांत फरक असतो. म्हणून तुमचे नेमके किती गळले हे मी इथून सांगू शकत नाही. पण ते पाहण्याची एक सोपी जागा आहे.

बहुतेक फोन पावलांची जुनी नोंद महिनोन्‌महिने जपून ठेवतात. आरोग्याचे ॲप उघडा आणि खाणे कमी करण्याच्या आधीच्या महिन्याची रोजची सरासरी आणि गेल्या महिन्याची सरासरी शेजारी शेजारी लिहा. फोन बाळगण्याची तुमची सवय मधल्या काळात बदललेली नसेल, तर ही तुलना बरीच विश्वासार्ह असते. घड्याळ मध्येच विकत घेतले असेल, तर मात्र आधीचे आकडे फोनचे आणि नंतरचे घड्याळाचे अशी सरमिसळ करू नका, कारण मनगटावरचे यंत्र आणि खिशातले यंत्र एकच दिवस वेगवेगळा मोजतात.

आता हिशेब. सपाटीवर साध्या वेगाने, म्हणजे ताशी ४ ते ५ किलोमीटरने चालताना, शरीराला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी जादा लागते. 'जादा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण त्यात बसून राहिलो असतो तरी झालाच असता तो खर्च धरलेला नाही. तुमच्या ८० किलोंना हा दर किलोमीटरमागे ४० कॅलरी होतो. पावलाची लांबी ०.७ मीटर धरली, तर १००० पावले म्हणजे ७०० मीटर, म्हणजेच २८ कॅलरी. तुमचे पाऊल किती लांब आहे हे एकदा मोजून घ्या. १०० मीटरची खूण केलेल्या धावपट्टीवर नेहमीसारखे चाला आणि पावले मोजा. १४३ पावले आली, तर तुमचे पाऊल ०.७ मीटरचे आहे. १६० आली, तर ते ०.६३ मीटरचे आहे आणि तुमच्या हजार पावलांची किंमत २५ कॅलरींवर येते. वेगाची फार चिंता करू नका. साध्या चालीच्या टप्प्यात थोडे हळू किंवा थोडे भरभर चालल्याने दर किलोमीटरमागचा खर्च फारसा बदलत नाही, फक्त वेळ बदलतो. अंतर आणि वजन या दोनच गोष्टी हिशेबाला पुरतात.

यावरून १०,००० पावलांचे २८० झाले. मग घड्याळ ४५० का म्हणते? एक कारण असे की अनेक घड्याळे चालण्याच्या वेळेतला एकूण खर्च दाखवतात, आणि त्यात नुसते बसून राहूनही झाला असता तो खर्च मिसळलेला असतो. दुसरे कारण असे की मनगटावरची यंत्रे हृदयाचे ठोके बरे मोजतात, पण कॅलरी मोजण्यात ती कच्ची आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळे तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत अचूक घड्याळाचीही कॅलरींच्या बाबतीतली चूक सरासरी २७ टक्के निघाली. म्हणून माझा नियम असा आहे की घड्याळातून पावलांचा आकडा घ्यावा आणि कॅलरींच्या आकड्याकडे पाहूच नये.

२८० मधूनही पुढची वजाबाकी आहे. तुम्ही आजही काही ना काही चालत आहातच. बैठे काम असलेल्या माणसाची ४ ते ५ हजार पावले दिवसभरात होऊनच जातात आणि ती तुमच्या आजच्या वजनाच्या स्थितीत आधीच जमा आहेत. म्हणजे ५ हजारांवरून १० हजारांवर गेलात, तर नवीन भर ५ हजार पावलांची, १४० कॅलरींची. आणि या १४० मधलाही काही भाग शरीर दुसरीकडून परत घेते. दिवसभराचा एकूण उष्मांकखर्च अतिशय काटेकोर पद्धतीने मोजलेल्या १७५४ प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात हालचालीत जाळलेल्या जादा कॅलरींपैकी सरासरी सुमारे ७२ टक्केच दिवसाच्या एकूण खर्चात दिसल्या. उरलेल्या २८ टक्के शरीराने इतर कामांत हात आखडून वसूल केल्या होत्या. १४० चे ७२ टक्के म्हणजे जेमतेम १००. तुमच्या ४५० चा प्रवास इथे संपतो.

आता हाच मापदंड जिमला लावा. मधली विश्रांती धरून वजने उचलण्याच्या एका तासात ८० किलोच्या माणसाच्या बसून राहण्यापेक्षा साधारण २०० ते २५० कॅलरी जास्त जातात. चार सत्रांच्या ८०० ते १०००, म्हणजे दिवसाला ११५ ते १४०. यातूनही शरीर आपला वाटा परत घेतेच. त्यामुळे ५ हजार जादा पावले ही चार जिम सत्रांच्या बरोबरीने उभी राहतात, आणि त्यांच्यासाठी कपडे बदलावे लागत नाहीत, अंग दुखत नाही, दुसऱ्या दिवशीच्या व्यायामात थकवा उतरत नाही. याचा अर्थ जिम सोडावी असा अजिबात नाही. तूट असताना स्नायू टिकवण्याचे काम वजने उचलल्यानेच होते, ते चालण्याने होत नाही. जिम स्नायूंसाठी आणि पावले खर्चासाठी, अशी कामाची वाटणी डोक्यात पक्की असली, की जिममध्ये कॅलरी जाळण्याचा अट्टहास सुटतो.

आता तुमच्याच वजनाच्या आसपास असलेल्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगते. वय ३८, संगणकावरचे काम, आठवड्यातून चार दिवस जिम. आठ आठवड्यांत ते ८४ वरून ८१ किलोंवर आले आणि तिथे पाच आठवडे थांबले. उतरलेल्या तीन किलोंपैकी साधारण एक किलो सुरुवातीच्या पाण्याचा असावा असे मी धरले. म्हणजे चरबी दोन किलो, आणि एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी या नेहमीच्या हिशेबाने त्यांची तूट रोज साधारण २७५ ची होती.

फोनची नोंद काढली, तेव्हा आहार सुरू करण्याच्या आधीच्या महिन्यात त्यांची सरासरी ७१०० पावले होती. गेल्या महिन्याची सरासरी ४३०० निघाली. त्यांना स्वतःला यावर विश्वास बसेना. मग आम्ही एक-एक दिवस उघडून पाहिला. जिमचे चार दिवस त्यांना 'सक्रिय' वाटत होते, आणि नेमक्या त्याच दिवशी पावले सर्वांत कमी होती, ३२०० ते ३६०० च्या मध्ये. सकाळी जिम झाली की 'आजचा व्यायाम झाला' या समाधानात ते संध्याकाळपर्यंत खुर्चीतून हलत नव्हते. आधी ते दुपारी जेवून पंधरा मिनिटे बाहेर फिरून येत असत. ती फेरी कधी बंद झाली हे त्यांना आठवेना, पण फोनच्या तासवार आलेखात दुपारी दोनचा उंच खांब आहाराच्या सहाव्या आठवड्यापासून गायब होता.

२८०० पावलांची घट म्हणजे त्यांच्या वजनाला रोज ८० कॅलरी. तीन किलो कमी झालेले शरीर चालवायलाही थोडा कमी खर्च लागतो, तो मी ६० धरला. २७५ मधून हे १४० गेल्यावर उरले १३५. म्हणजे तूट संपलेली नव्हती, अर्धी झाली होती. १३५ च्या तुटीने आठवड्याला १२० ग्रॅम चरबी जाते. वजनकाटा मीठ, पाणी, पोटातले अन्न आणि आदल्या दिवशीचा व्यायाम यांमुळे एका दिवसात सहज किलोभर वरखाली होतो. त्या गोंधळात आठवड्याचे १२० ग्रॅम दिसणे अवघडच असते. 'अडकलेले' वजन पुष्कळदा असे अगदी मंद गतीने उतरत असते.

त्यांचे खाणे आणि जिम आम्ही होते तसेच ठेवले आणि फक्त पावले हातात घेतली. पहिली पायरी वाढवण्याची नव्हती, गळती बुजवण्याची होती. म्हणून दोन आठवडे फक्त इतकेच ठरवले की कोणताही दिवस, जिमचा असो वा नसो, ७ हजारांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ही तळरेषा आठवड्याच्या सरासरीपेक्षा मला जास्त उपयोगी वाटते. सरासरीवर लक्ष ठेवणारा माणूस सुटीच्या दिवशी १५ हजार चालून कामाच्या तीन दिवसांचे ३ हजार झाकू शकतो, आणि त्या लांब फेरीनंतर उरलेला दिवस आडवा होतो. सलग लांब चालण्यानंतर असा आराम घेणे ही भरपाईची सर्वांत मोठी वाट आहे. छोट्या छोट्या तुकड्यांत विभागलेल्या चालण्यात ती वाट मिळत नाही, कारण पाच मिनिटे चालून कोणीही दमत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तळरेषा ८ हजारांवर नेली आणि पाचव्या आठवड्यात ९ हजारांवर. ४३०० वरून ९ हजार म्हणजे ४७०० पावलांची भर. मिनिटाला १०० ते ११० पावले या चालीने त्याला ४३ ते ४७ मिनिटे लागतात. हा वेळ कुठून तरी काढावाच लागतो, तो फुकट येत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच स्पष्ट सांगते. फरक इतकाच की तो एकत्र काढावा लागत नाही. त्यांनी दुपारचे आणि रात्रीचे जेवण झाल्यावर प्रत्येकी दहा मिनिटे चालायचे ठरवले, त्याची साधारण २ हजार पावले झाली. कामाच्या आठ तासांत दर तासाला एकदा उठून दोन मिनिटे चालायचे, त्याची दीड हजारांच्या वर झाली. कॅमेरा लावावा लागत नाही असे फोन उभ्याने आणि चालत घ्यायचे, त्याची दिवसाला हजार-बाराशे झाली. दर तासाच्या फेरीसाठी त्यांनी गजर लावला होता. तो चौथ्या दिवसापासून ते बंद करू लागले. मग टेबलावरची पाण्याची मोठी बाटली काढून लहान पेला ठेवला. पेला रिकामा झाला की उठावेच लागे. गजरापेक्षा हे जास्त दिवस टिकले.

अपेक्षा काय धरायची, हेही आधी लिहून ठेवले होते. ४७०० पावलांचे साधारण १३३ कॅलरी, त्यातून शरीराची भरपाई वजा जाता रोज ९५ ते १००. आधीच्या १३५ मध्ये मिळवल्यावर तूट २३० ते २३५, म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅमच्या किंचित वर. पहिल्या पंधरवड्यात काटा खाली येण्याऐवजी २०० ग्रॅम वर गेला, आणि त्या वेळी हे लिहून ठेवलेले आकडे कामी आले. सवय नसलेल्या पायांवर काम वाढले की स्नायूंत थोडे पाणी साठू शकते, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी निकाल म्हणून मोजतच नाही. पुढे ९ हजारांची तळरेषा सांभाळलेल्या आठ आठवड्यांत त्यांची साप्ताहिक सरासरी ८१.१ वरून ७९.५ वर आली. म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅम. खाण्यातला एकही घास कमी केलेला नव्हता आणि जिमचा एक मिनिटही वाढवलेला नव्हता.

तुम्हाला हेच करायचे असेल, तर पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करा. रोज सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करा. रोजच्या आकड्यावर विचार करू नका, सात दिवसांची सरासरी काढा. पावले दिवसनिहाय लिहा आणि जिमच्या दिवसांवर वेगळी खूण करा. जिमच्या आणि बिनजिमच्या दिवसांत हजारापेक्षा जास्त तफावत निघाली, तर तुमची पहिली गळती तिथे आहे. मग सध्याच्या सरासरीत दीड-दोन हजारांची भर घालून ती तळरेषा करा आणि दर पंधरवड्याला तेवढेच पुढे जा. दहा हजार या आकड्याला मात्र चिकटून बसू नका. जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातच 'दहा हजार पावले' होते आणि तिथून हा आकडा रूढ झाला, त्यामागे तुमचा हिशेब नाही. आज तुम्ही ३५०० वर असाल तर ८ हजार तुमच्यासाठी भरपूर आहेत, आणि आज ९ हजारांवर असाल तर १० हजारांनी २८ कॅलरींपलीकडे काही मिळणार नाही.

निर्णय चार आठवड्यांनी घ्या, त्याआधी नाही. मासिक पाळी असलेल्या स्त्रियांनी या आठवड्याची सरासरी गेल्या आठवड्याशी न ताडता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी ताडावी, कारण पाळीच्या आधी साठणारे पाणी महिनाभराची चरबीची घट सहज झाकते. चार आठवड्यांत पावले तळरेषेच्या वर राहूनही साप्ताहिक सरासरी अजिबात हलली नाही, तर दोनच शक्यता मी गंभीरपणे तपासते.

पहिली म्हणजे खाण्याने पावलांची बरोबरी केली आहे. १०० कॅलरी ही इतकी लहान रक्कम आहे की एका मोठ्या चमचाभर तेलात ती निघून जाते. चालण्याने सगळ्यांची भूक वाढत नाही, पण काहींची वाढते, विशेषतः जेवणाच्या आधी रिकाम्या पोटी लांब चालणाऱ्यांची. असे होत असेल तर तेवढेच चालणे जेवणानंतर घेऊन पाहा. आणि तुम्ही एखादे आहाराचे ॲप वापरत असाल तर त्यातली घड्याळाच्या कॅलरी आपोआप जेवणाच्या मुभेत मिळवण्याची सोय आजच बंद करा. तुमचे घड्याळ १० हजार पावलांवर ४५० ची मुभा देईल, तुम्ही ती विश्वासाने खाल, आणि प्रत्यक्षात भर १०० चीच असल्याने तूट आधीपेक्षा ३५० ने कमी होईल. मन लावून चालणाऱ्या माणसाचे वजन वाढताना मी पाहिले आहे, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

दुसरी शक्यता मोजणीतल्या चुकीची. मनगटावरचे घड्याळ हातवारे करून बोलणाऱ्याची पावले वाढवून दाखवते आणि ढकलगाडी किंवा बाबागाडी ढकलत चालणाऱ्याची खाऊन टाकते, कारण हात स्थिर असतो. एकदा तोंडाने मोजून २०० पावले चाला आणि यंत्र किती दाखवते ते पाहा. पाच-दहा पावलांचा फरक चालेल. मग एकदा खुर्चीत बसून अर्धा तास नेहमीसारखे काम करा आणि आकडा किती वाढला ते पाहा. तो शे-दोनशेने वाढत असेल, तर आठ तासांच्या कामात तुमची कागदावरची सात हजार पावले प्रत्यक्षात चार ते साडेपाच हजारच असू शकतात.

उभ्याने काम करण्याविषयी आणि जिन्यांविषयी बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. बसण्याऐवजी उभे राहण्याचा जादा खर्च मिनिटाला सरासरी ०.१५ कॅलरी इतकाच आहे. सहा तास उभे राहून ५४ कॅलरी, म्हणजे २ हजार पावलांच्या आसपास, आणि त्यासाठी पाय आणि कंबर दोन्ही धरतात. उभे राहण्याचा खरा उपयोग असा की उभा माणूस बसलेल्यापेक्षा सहज चालू लागतो. तीन मीटर उंचीचा एक मजला चढायला तुमच्या वजनाला २ ते ३ कॅलरी लागतात. दिवसात दहा मजले चढलात तरी हजार पावलांएवढेच. हृदयासाठी आणि पायांसाठी जिने उत्तम आहेत, पण तुटीच्या हिशेबात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

काही परिस्थितींत हा उपाय मी सुचवत नाही. दिवसभर पायांवर काम करणाऱ्यांची पावले आधीच १२-१५ हजार असतात, तिथे भर घातली तर शरीर तिचा बराच भाग परत घेऊ शकते आणि सांधे कुरकुरतात. त्यांच्या बाबतीत खाण्याचाच हिशेब पाहावा लागतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेखाली टोचल्यासारखे दुखत असेल किंवा नडगीच्या आतल्या कडेला दाबल्यावर दुखरी रेघ लागत असेल, तर वाढ ताबडतोब थांबवून मागच्या तळरेषेवर या आणि दुखणे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. दहा दिवसांत कमी झाले नाही तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणानंतरचे चालणे साखर अपेक्षेपेक्षा खाली नेऊ शकते, तेव्हा डोस लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला. आणि सतत थंडी वाजणे, झोप उडणे, पाळी लांबणे किंवा थांबणे यांपैकी काही होत असेल तर तुमची तूट आधीच जास्त आहे. तिथे पावले वाढवण्याचा विचारच करू नका, खाणे वाढवा.

एक शेवटची दुरुस्ती पुढच्या काही महिन्यांसाठी. हिशेबात वजन आहे, म्हणून वजन उतरले की पावलांची किंमतही उतरते. तुम्ही ८० चे ७४ झालात की हजार पावले २८ ऐवजी २६ कॅलरींची होतात, आणि हलके शरीर आराम करतानाही आधीपेक्षा कमी खर्च करते. म्हणून दर तीन-चार किलोंनंतर वरचा हिशेब नव्या वजनाने पुन्हा मांडा, आणि त्याच वेळी फोनमधली दिवसवार नोंद उघडून जिमच्या दिवसांचे खांब पुन्हा बुटके व्हायला लागले आहेत का, ते पाहून घ्या.